शेण : अडचण नाही

माणसाच्या संस्कृतीचा सगळा इतिहास म्हणजे दोन वस्तू एकमेकींजवळ आणून काय होतं ते बघण्याचा इतिहास आहे, असं पल्लवीने वसमतच्या एका माडीवर सकाळी साडेदहाला जाहीर केलं. त्या वेळी तिच्या एका हातात कॉम्प्युटरची पिन होती, दुसऱ्या हातात एक्स्टेन्शन बोर्ड होता, आणि ती पिन त्या बोर्डात काही केल्या बसत नव्हती.

"पिन तीन पायाची हाय," शिवशंकर म्हणाला. "बोर्डाला भोकं दोनच."

"मंग आधी सांगायचं ना."

"तुमी इतिहास सांगून राहिल्या व्हत्या. मधात कसं बोलावं."

माडीच्या खाली हळदीच्या आडतीचं गोदाम होतं. त्यामुळे माडीवरचा पंखा, पडदा, कीबोर्ड आणि शिवशंकरचा मूळचा पांढरा शर्ट हे सगळं एकाच रंगाचं झालेलं होतं. दोन वर्षं या खोलीत पल्लवी आणि शिवशंकर एक कॉम्प्युटर गेम बनवत होते. गेमचं नाव 'माळ'. चित्रं, प्राणी आणि त्यांची चाल शिवशंकरची. नियम आणि हट्ट पल्लवीचे.

खेळ असा. खेळाडू एका उघड्या माळावर रिकाम्या हाताने जागा होतो. त्याला भूक लागते, थंडी वाजते, अंधार पडला की तरस येतं. जगायचं असेल तर दिसेल ते वेचायचं आणि वेचलेल्यातून काहीतरी बनवायचं. दगड, काठी आणि अंबाडीचं सुतळ मिळून कुऱ्हाड होते. कुऱ्हाडीशिवाय बाभळ तुटत नाही. बाभळीच्या लाकडाचा ओटा होतो, आणि त्या ओट्यावर नऊ चौकोन असतात, तीन आडवे, तीन उभे. त्यात वस्तू योग्य जागी मांडल्या की पुढची वस्तू तयार. चुकीच्या मांडल्या की नुसता चिखल, आणि घातलेला माल गेला तो गेलाच.

काय मिसळून काय होतं हे खेळ आधी सांगत नाही. कृतींची एक वही असते, पण ती सुरुवातीला कोरी. एखाद्या कृतीला लागणारी प्रत्येक वस्तू एकदा तरी तुमच्या हातात आली, की ती कृती आपोआप वहीत उमटते आणि मग कधीच पुसली जात नाही. त्यानंतर मांडणीचा अंदाज करावा लागत नाही. एक बटण दाबलं की काम झालं.

शिवशंकरचं म्हणणं असं होतं की तीनपैकी दोन वस्तू मिळाल्या असतील तर वहीत ती कृती पुसटशी दाखवावी, तिसऱ्या जागी प्रश्नचिन्ह ठेवावं. निदान माणसाला कळतं तरी, काहीतरी राहिलंय. पल्लवी म्हणाली, मग शोध कसला, ती शिकवणी झाली. हा वाद चार महिने चालला. एकदा तर एसटीत कळमनुरीपर्यंत चालला आणि कंडक्टरने दोघांना वेगवेगळ्या सीटवर बसवलं. शेवटी पल्लवीचं खरं झालं. प्रश्नचिन्ह नाही.

आता पुण्याच्या एका कंपनीला 'माळ' आवडला होता. फक्त एक शंका होती. खेळाचा पुढचा सगळा भाग, म्हणजे लोखंड, नांगर, विहीर, हे भट्टीच्या पलीकडे होतं. नव्या माणसाला भट्टीची कृती आपली आपण सापडते का? कंपनीची सृष्टी नावाची बाई नांदेडला कामाला येणार होती. जाता जाता ती वसमतला उतरेल, कुणाच्याही मदतीशिवाय एक तास खेळेल. तासात भट्टी उभी राहिली तर कंपनी खेळ घेणार. नाही राहिली तर आभार मानणार.

आभार मानले तर काय होणार हेही ठरलेलं होतं. पल्लवीच्या पर्समध्ये हैदराबादच्या नोकरीचं पत्र होतं, हजर व्हायची तारीख सोमवारची. शिवशंकर भावाच्या मोबाइलच्या दुकानात बसणार होता. आणि त्याने पंधरा दिवस जिच्या चालीवर घालवले ती म्हैस कायमची हार्डडिस्कमध्ये राहणार होती.

"घाबरू नका," शिवशंकर म्हणाला. "अकरा जणांनी खेळून पाहिलाय. एक जण अडकला न्हाई."

ते खरं होतं. पल्लवीने प्रत्येकाची नोंद ठेवली होती. जळबा, नेमसिंग, शिरड शहापूरचे दोन मामेभाऊ, आणि अकरावी तिची आई पद्माबाई. भट्टीला लागतं काय, तर चिकणमाती, भुसा आणि शेण. प्रत्येक वस्तूपुढे पल्लवीने शेरा लिहिला होता. चिकणमाती : तीन जणांना उशिरा सापडली, नदीकाठ जवळ आणला. भुसा : दोघांनी गवत समजून सोडला, रंग बदलला. शेण : अडचण नाही.

शेण सगळ्यांनी पहिल्या पाच मिनिटांत उचललं होतं. पद्माबाईंनी तर पहिल्या मिनिटातच, आणि वर तक्रार केली होती की शेणाचा एकेक पो वाकून उचलायला लागतो. "एवढ्याल्यासाठी दहादा बटण दाबायचं? मी काय कापूस येचून राहिले का?" म्हणून शिवशंकरने 'सगळं उचल' असं एक बटण करून दिलं. हाताच्या अंतरात जे असेल ते एका झटक्यात झोळीत. त्यालाच तेव्हा ते फार उपयोगाचं वाटलं नव्हतं. पण काकूंचं मन राखावं म्हणून त्याने ठेवलं.

सृष्टी अकराला आली. तिशीची, केस आखूड, बोलायला गोड आणि कामाला कडक. तिने मोबाइलवर साठ मिनिटं लावली आणि मोबाइल सगळ्यांना दिसेल असा टेबलावर उभा केला. आकडे उलटे पळायला लागण्याआधी म्हणाली, "एकच सांगते. मी विचारलं तरी उत्तर द्यायचं नाही. एक शब्द, एक खूण, एक खोकला जरी मला मुद्दाम वाटला, तर मी तिथंच थांबवणार. मला खरंच आवडलाय खेळ, म्हणून सांगते."

पद्माबाई दारात चहाचं विचारायला आल्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि मान हलवली. पल्लवी सृष्टीच्या मागे खाटेवर बसली. तिच्या मांडीवर दुसरा कीबोर्ड होता, त्याच कॉम्प्युटरला जोडलेला, नोंदी घ्यायला.

सृष्टी चांगली खेळत होती. पाचव्या मिनिटाला कुऱ्हाड, नवव्याला ओटा. माळावर दिवस-रात्र मिळून वीस मिनिटांची. पहिली रात्र तिने काटक्यांच्या शेकोटीजवळ काढली. उजाडल्यावर ओट्याभोवती काटक्यांची झोपडी उभी केली, मग सरळ नदीकाठी गेली आणि चिकणमाती काढली. सतरा वेळा पुरलं असतं तिथं सत्तावीस वेळा फावडं मारलं, पण काढली. मग भुसा. शिवशंकरने पल्लवीच्या पायाला हळूच पाय लावला. तीनपैकी दोन.

आणि मग समोर म्हैस आली.

ती शिवशंकरची म्हैस. डौलात आली, थांबली, शेपटी वर केली आणि सृष्टीच्या अगदी पुढ्यात, वाटेच्या बरोबर मधोमध, आपलं काम करून गेली. ताजं, वाफाळतं. त्या वाफेवर शिवशंकरने दोन दिवस घालवले होते.

सृष्टीने माउसचा बाण डावीकडे वळवला आणि त्याला वळसा घालून पुढे गेली.

पल्लवीला वाटलं, दिसलं नसेल. चार पावलांवर दुसरा पो होता. सृष्टी थांबली. पल्लवी खाटेच्या कडेला सरकली. सृष्टीने उडीचं बटण दाबलं आणि खेळातला माणूस शेणावरून पलीकडे गेला, पायाला काही लागू न देता.

तेव्हा पल्लवीच्या ध्यानात आलं. अकराची अकरा माणसं वसमत, कळमनुरी आणि शिरड शहापूरची. रस्त्यात शेण पडलेलं दिसलं तर दुसऱ्या कुणी नेण्याआधी ते आपण न्यावं, हे त्यांना कुणी शिकवायला लागलं नव्हतं. पुण्यातल्या बाईला लहानपणापासून याच्या बरोबर उलटं शिकवलेलं होतं. आणि वही तर हातात आल्याशिवाय काही सांगत नाही. वहीत प्रश्नचिन्हसुद्धा नव्हतं.

शिवशंकरने पल्लवीकडे पाहिलं. चार महिन्यांचा वाद तो एका नजरेत जिंकला आणि त्याला त्याचा काही आनंद झाला नाही.

अर्धा तास उलटला. सृष्टीने चिकणमाती आणि भुसा ओट्यावर मांडून पाहिले. चिखल. भुसा मधे, माती कडेने. चिखल. "काहीतरी तिसरं आहे," ती स्वतःशी म्हणाली, आणि शिवशंकरने डोळे मिटून घेतले, जणू देवाचं नाव घेतोय. तिसरं म्हणून तिने दगड घातले. चिखल. लाकूड घातलं. चिखल. वाळलेली पानं, हाडं, बोरं, सुतळ. ओट्याशेजारी चिखलाचा ढीग झाला आणि चिकणमाती संपली. ती परत नदीवर गेली, शेण चुकवत. परत आली, शेण चुकवत. दुसरी रात्र सुरू झाली आणि संपली. तरसाने एकदा झोपडीला प्रदक्षिणा घातली.

पद्माबाई दारात उभ्याच होत्या. हातात चहाचा कप, बशीने झाकलेला. पडद्यावर पसरलेल्या त्या शेणाकडे त्या पाहत होत्या आणि त्यांचा जीव खालीवर होत होता. त्यांनी पदराचा बोळा केला आणि दातात धरला. एक गाडाभर शेण डोळ्यासमोर वाया जात होतं आणि बोलायची सोय नव्हती.

बेचाळिसावं मिनिट. सृष्टी आता पडक्या गोठ्यामागच्या उकिरड्यापाशी उभी होती. तिने जवळ जाऊन पाहिलं. पडद्यावर अक्षरं आली, 'शेण. उचला?' तिने नाकाजवळ हात नेला, खेळातल्या माणसाने नव्हे, खऱ्या सृष्टीने, आणि मागे फिरली.

पल्लवीचं बोट आपोआप कीबोर्डवरच्या वरच्या ओळीत गेलं. एफ नाइन. खेळ तपासण्यासाठी तिने स्वतःच ठेवलेली चोरवाट. दाबली की झोळीत हवी ती वस्तू येऊन पडते. काढून टाकायची राहून गेली होती. शेणाचा क्रमांक तिला पाठ होता. सृष्टीची पाठ तिच्याकडे. झोळीत एक पो जास्त झाला तर कुणाला कळणार? वहीत कृती उमटेल, सृष्टी म्हणेल, अरेच्चा, हे कधी उचललं मी.

शिवशंकरने तिचं बोट पाहिलं. त्याने मान नाही म्हणून हलवली नाही की हो म्हणूनही नाही. तो नुसता त्या बोटाकडे बघत राहिला.

पल्लवीने प्रामाणिकपणाचा वगैरे विचार केला असं म्हणता येणार नाही. ती नियम बनवणारी बाई. तिला नियमच आठवले. एफ नाइन दाबलं की खेळाच्या नोंदीत तशी ओळ पडते, आणि ती नोंद सृष्टी पुण्याला घेऊन जाणार होती. मग आणखी एक गोष्ट आठवली. सापडल्याचं नाटक झालं तर पुण्यातला दुसरा माणूस, तिसरा माणूस, सगळे त्याच उकिरड्यापाशी नाकाला हात लावून परत फिरतील आणि तिथं एफ नाइन दाबायला ती नसेल. तिने कीबोर्ड उचलला, खाटेवर पालथा घातला, आणि त्याच्यावर उशी ठेवली.

सात मिनिटं उरली तेव्हा माळावर तिसऱ्यांदा अंधारायला लागलं. सृष्टी गोठ्याच्या बाजूने पुन्हा माती घेऊन येत होती. झोळी गच्च भरलेली. कुऱ्हाड, फावडं, भुसा, सगळं आत. मागून तरसाचं ते हसणं ऐकू आलं.

ती पळाली. समोर झोपडी होती, साठ पावलं. सरळ गेली असती तर पोचली असती. पण वाटेत पाचसहा पो पडले होते आणि तिने सवयीने वळसा घातला. त्या वळशात दोन पावलं गेली. तेवढी तरसाला पुरली.

पडदा लाल झाला. 'तुमचा जीव गेला.' आणि झोळीतला सगळा माल, जिथं माणूस पडला तिथंच, शेणाच्या मधोमध विखुरला.

"अरे देवा," सृष्टी म्हणाली.

पद्माबाईंच्या हातातली बशी कपावर वाजली. पल्लवीने डोळ्यांवर हात ठेवला. सोमवार तिला अगदी स्पष्ट दिसला, बस स्टँडसकट.

पण मेलेला माणूस झोपडीत पुन्हा उठतो, असा नियम होता. उठतो तो रिकाम्या हाताने. माल हवा असेल तर जिथं पडला तिथं जाऊन आणायचा. सृष्टी उठली. साडेपाच मिनिटं. हातात काही नाही, बाहेर अंधार, तरस तिथंच कुठंतरी. ती खाली वाकून, अंधारात चाचपत, भिंतीच्या कडेने गोठ्यापर्यंत गेली. चार मिनिटं. माल विखुरलेला दिसला. कुऱ्हाड इकडे, माती तिकडे, आणि तरसाचे डोळे पलीकडे, दोन हिरवे ठिपके. एकेक वस्तू उचलायला वेळ नव्हता.

तिने 'सगळं उचल' दाबलं.

हाताच्या अंतरातलं सगळं झोळीत आलं. कुऱ्हाड, फावडं, चिकणमाती, भुसा. आणि सगळं म्हणजे सगळं.

टुण असा आवाज झाला. पल्लवीनेच कळमनुरीच्या बाजारात रेकॉर्ड केलेला, पितळी वाटीवर चमचा. 'वहीत नवीन कृती : गोवरी.' पुन्हा टुण. 'वहीत नवीन कृती : भट्टी.'

शिवशंकरने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

सृष्टीने आधी झोळी उघडली, वही नाही. पाहिलं, आणि तोंड वाकडं केलं. "ई. हे काय आलं आत?" असं म्हणून तिने शेण वेचून वेचून बाहेर टाकलं. एक, दोन, तीन, चार. चारही.

पद्माबाईंनी भिंतीकडे तोंड केलं.

तीन मिनिटं. आता सृष्टीने वही उघडली. टाकलं तरी कृती पुसली जात नाही. ती तिथंच होती, ठळक अक्षरात. भट्टी : चिकणमाती सहा, भुसा तीन, शेण चार. ओट्याजवळ बांधावी.

ती वाचत राहिली. मग तिने पडद्यावरच्या त्या चार पोंकडे पाहिलं, जे तिने नुकतेच आपल्या हाताने फेकले होते आणि ज्यांना ती अर्धा तास वळसा घालत आली होती.

"शेण," ती म्हणाली. कुणालाही उद्देशून नाही. खुर्चीत ती जरा मागे सरकली. आता तिला कुणी ढकलत नव्हतं. बटणाचा योगायोग एकदा होऊन गेला होता. आता उचलायचं तर जाणूनबुजून उचलायचं.

अडीच मिनिटं.

तिने बाह्या वर सारल्या. खऱ्या बाह्या. आणि पहिला पो उचलला. ओठ घट्ट मिटून दुसरा. तरस जवळ आलं तेव्हा ती तिसरा उचलत होती, आणि पळाली नाही. चौथा उचलून मग पळाली, या वेळी सरळ, वाटेतल्या सगळ्या शेणातून. पचक, पचक असा आवाज आला. तोही शिवशंकरचाच.

झोपडीचं दार लागलं तेव्हा पन्नास सेकंद होते. ओटा. वही. भट्टी. बटण. पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरायला लागली. भट्टी बांधायला वीस सेकंद लागावेत असं पल्लवीने ठरवलं होतं, कारण मोठी वस्तू झटकन झाली तर तिची किंमत राहत नाही. त्या वीस सेकंदांत पल्लवीने स्वतःला जेवढ्या शिव्या घातल्या तेवढ्या तिला दोन वर्षांत शिवशंकरने घातल्या नव्हत्या. बाहेर तरस दाराला धडका देत होतं.

पट्टी भरली. अंधाऱ्या झोपडीत तांबूस उजेड पडला. बुटकी, जरा तिरकी, ओल्या मातीची भट्टी उभी राहिली. मोबाइलवर अकरा सेकंद होते. ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत संपले आणि गजर झाला.

बोलायला आता बंदी नव्हती, पण सवय गेली होती.

"शेणाचं," पल्लवी शेवटी म्हणाली, "ते आम्ही करू नीट. वहीत प्रश्नचिन्ह टाकू."

"पुसट अक्षरात," शिवशंकर म्हणाला.

सृष्टी भट्टीकडे बघत होती. तिने दोन्ही हात टेबलावरून उचलले होते आणि बोटं फाकवून, अंगापासून लांब, अधांतरी धरले होते. माउसला नाही, कीबोर्डला नाही, स्वतःच्या कपड्यांनाही लागू न देता. पल्लवी त्या हातांकडे बघत राहिली. पुढचं एक वर्ष, सोमवार, हैदराबाद, म्हैस, सगळं ती बाई याला सापडणं म्हणते की योगायोग, याच्यावर टांगलेलं होतं.

पद्माबाई पुढे आल्या आणि कप तिच्यासमोर धरला. "घे बाई. थंडगार झालाय, पण घे. दमलीस."

सृष्टीने हात पटकन मागे घेतले.

"घेते," ती म्हणाली. "चहाही आणि खेळही. पण आधी सांगा ना, हात कुठं धुवायचे?"